ताट वाढतोस की वाढतेस? (देवाला फक्त 'पिता' म्हणण्याबद्दल)

कॅम्पातली

आमच्या चर्चच्या महिला मंडळात गेले दोन महिने ईश्वरशास्त्र आणि लिंगभाव यावरचा एक निबंध थोडा थोडा वाचतोय. रविवारी उपासना झाली की मागच्या खोलीत चहा घेऊन बसतो, दहा-बारा जणी असतो. निबंधाचा मुद्दा थोडक्यात असा : देवाला पिता, प्रभू, राजा म्हणणं चूक नाही, पण शतकानुशतकं फक्त तेवढंच म्हटलं की उपमेची मूर्ती होते आणि मग घरातल्या, चर्चमधल्या पुरुषाच्या शब्दाला देवाच्या शब्दाचं वजन येतं. अमेरिकेतल्या स्त्रीवादी अभ्यासक मेरी डेलीने १९७३ साली हे एका वाक्यात मांडलं : देव पुरुष असेल तर पुरुष देव होतो. पुढे निबंधात पर्याय येतात. कोणी म्हणतं आई म्हणा, कोणी म्हणतं दोन्ही म्हणा, तर कोणी म्हणतं दोन्ही टाळा.

वाचताना सगळ्या माना डोलवत होत्या. मग महिला रविवारसाठी स्तोत्र २३ वरून प्रार्थना लिहायचं काम माझ्याकडे आलं. मराठी बायबलात तिथे ओळ आहे, "तू माझ्या शत्रूंच्या देखत माझ्यापुढे ताट वाढतोस, तू माझ्या डोक्याला तेलाचा अभ्यंग करतोस." लहानपणापासून पाठ आहे. लिहायला बसले आणि पहिल्यांदा ऐकू आलं. ताट कोण वाढतं? दिवाळीत डोक्यावर तेल कोण थापतं? मी लिहिलं, "ताट वाढतेस, अभ्यंग करतेस." एवढाच बदल, दोन मात्रांचा.

सरावाला वाचलं तेव्हा खोली गप्प झाली. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या बाई, ज्यांनी मला संडे स्कूलमध्ये हेच स्तोत्र शिकवलं, त्या हळूच म्हणाल्या, "बाळ, ही आपल्या देवाची प्रार्थना नाही वाटत."

देव पुरुष आहे असं आमच्यात कोणीच म्हणत नाही. देव आत्मा आहे हे पोरांनाही शिकवतो. सगळ्यांना ठाऊक आहे, तरी 'वाढतेस' घशात का अडकतं? आणि मराठीत यावर वाट काय? गेला आठवडाभर हेच डोक्यात आहे.

शनिवारातला

ताई, हा प्रश्न आपल्याकडे सातशे वर्षांपूर्वीच सुटलाय. जनाबाई म्हणते, "ये गं ये गं विठाबाई, माझे पंढरीचे आई." विठोबा कमरेवर हात ठेवून उभा, पुरुषाचा वेष, आणि हाक मात्र बाईला मारतात तशी, 'गं' लावून. कोणाच्या घशात अडकत नाही. ज्ञानेश्वर पुरुष, त्यांना माउली. पालखी पुण्यात येते तेव्हा अनोळखी माणसाला बाजूला व्हायला सांगतानाही 'माउली'च म्हणतात. पाश्चात्त्यांना यासाठी पुस्तकं लिहावी लागली, कारण त्यांच्याकडे हे नव्हतं.

मीनल_कोथरूड

बरोबर विषय काढलात. माझ्या मोठ्या बहिणीने ज्ञानप्रबोधिनीत पौरोहित्य शिकून घेतलं, आता लग्नं, वास्तुशांती सगळं करते. सुरुवातीला लोक विचारायचे, गुरुजी कधी येणार? ती म्हणायची, आलेत, सुरू करूया. तुमच्या चर्चमध्येही बायकांना हे करू देत नाहीत का? आधी तिथे भांडा, शब्दांचं नंतर बघता येईल.

कॅम्पातली

मीनल, तुमच्या बहिणीचं वाचून बरं वाटलं. पण माझा प्रश्न वेगळा आहे. प्रार्थना कोण म्हणतं हा नाही, प्रार्थनेत समोरच्याला काय म्हणायचं हा आहे. दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत हे खरं.

सॅमसन

यात वाद घालण्यासारखं काही नाही. हिब्रूमध्ये आत्मा म्हणजे रूआख, हा शब्द स्त्रीलिंगी आहे. म्हणजे पिता, पुत्र, पवित्र आत्मा या त्रैक्यातली तिसरी व्यक्ती स्त्रीच झाली. ग्रीक आणि लॅटिनमध्ये जाताना पुरुषांनी ते दाबून टाकलं. मोठ्या बाईंना हे सांगा, विषय संपेल.

जुनी_वही

सॅमसन, अर्धं बरोबर आहे. रूआख बहुतेक ठिकाणी स्त्रीलिंगी वापरलाय. ग्रीकमध्ये न्यूमा नपुंसकलिंगी आणि लॅटिनमध्ये स्पिरितुस पुल्लिंगी. पण कोणी दाबायला बसलं नव्हतं, त्या भाषांतले शब्दच तसे होते. आणि व्याकरणाच्या लिंगावरून व्यक्तीचं लिंग काढलं तर आपली पंचाईत होईल. मराठीत 'देवता' स्त्रीलिंगी, म्हणून अग्निदेवता स्त्री होत नाही. 'दैवत' नपुंसकलिंगी, 'मूल' नपुंसकलिंगी. रूआख म्हणजे वारासुद्धा, आणि वारा काही बाई नसतो.

तरी तुम्ही म्हणता त्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे. सीरियाक भाषेतल्या सगळ्यात जुन्या ख्रिस्ती लेखनात पवित्र आत्म्याला सरळ 'ती' म्हटलंय, आईच्या प्रतिमाही आहेत. साधारण चौथ्या शतकानंतर त्याच भाषेत, तोच शब्द आत्म्यासाठी वापरताना पुल्लिंगी चालवायला लागले. शब्द तोच राहिला आणि व्याकरण वाकवलं. म्हणजे भक्तांना व्याकरण नुसतं व्याकरण वाटत नाही, त्यातून चित्र उभं राहतं, आणि ते चित्र अडचणीचं झालं की व्याकरण बदललं जातं. तुमच्या मोठ्या बाईंना जे वाटलं ते याच जातीचं आहे.

आता शनिवारातला यांच्याबद्दल. पश्चिमेत नव्हतं असं नाही. चौदाव्या शतकातली नॉरिचची जुलियन लिहून गेली की देव जितका खरा आपला पिता आहे, तितकीच खरी आपली आई आहे. बायबलातल्या यशयाच्या पुस्तकात देव विचारतो की आईला तान्ह्या पोराचा विसर पडेल का, पडला तरी मी विसरणार नाही. बेचाळिसाव्या अध्यायात तर तो बाळंतिणीसारखा ओरडतो. येशू स्वतःला पिलं पंखाखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा देतो. हरवलेलं मेंढरू शोधणारा मेंढपाळ आपण रंगीत काचेत बघतो, पण त्याच लूकच्या पंधराव्या अध्यायात लगेच पुढे हरवलेलं नाणं शोधायला दिवा लावून घर झाडणारी बाई आहे. ती देवाचं चित्र म्हणून कोणत्या चर्चच्या भिंतीवर पाहिलीत? स्त्रीवादी अभ्यासकांचं म्हणणं नेमकं इथे आहे. प्रतिमा ग्रंथात आहेत, पण उपासनेत आल्या नाहीत.

वारीवाली

मी बावीस वर्षं आळंदीहून चालते. शनिवारातला, तुमचा अभिमान मला कळतो, माझाही आहे. पण 'सुटलाय' म्हणू नका. माझ्या आजीला वाटेत सगळे माउली म्हणायचे, पाया पडायचे. घरी आल्यावर चार दिवस बाजूला बसायचं ते बसायचंच. पंढरपुरात देवाला आई म्हणत सातशे वर्षं गेली, पण देवाची पूजा करायला बाईची नेमणूक करायचा विषय निघाला तो २०१४ साली, कोर्टाने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क संपवल्यावर. देवाला आई म्हटल्याने बाईला मान मिळतोच असं नाही. उलट कधीकधी आई म्हणजे सोसणारी, वाढणारी, माफ करणारी, एवढंच पक्कं होतं.

तरीही विठाई म्हणताना माझ्या डोळ्यांत पाणी येतं. दोन्ही खरं आहे.

जुनी_वही

वारीवाली, तुम्ही जे दोन ओळींत लिहिलंत त्यावर एलिझाबेथ जॉन्सन या कॅथलिक साध्वीने १९९२ च्या पुस्तकात बराच खल केलाय. ती म्हणते, देव मुळात पिता आणि त्याला थोडी आईची माया, असं केलं तर पाया पुरुषाचाच राहतो. वर बाईच्या वाट्याला पुन्हा फक्त माया येते. तिचं मागणं असं की स्त्रीची प्रतिमा पूर्ण देवाची प्रतिमा म्हणून चालली पाहिजे : निर्माण करणारी, न्याय करणारी, रागावणारीसुद्धा.

त्या हिशेबाने बघितलं तर 'ताट वाढतेस' ही ओळ गोड आहे, पण कॅम्पातली, तुम्ही स्त्रीलिंग नेमकं स्वयंपाकघरापाशी आणलंत. त्याच स्तोत्रात वर हातात काठी आहे, मृत्युछायेच्या दरीतली सोबत आहे, संथ पाण्यावर नेणं आहे. तिथे 'नेतेस' का नाही लिहिलंत?

कॅम्पातली

हे वाचून मी खूप वेळ गप्प बसले होते. खरंच सुचलं नाही. ताटाशी आले तेव्हाच मला बाई दिसली, काठीशी दिसली नाही. मेंढपाळ म्हटलं की पुरुषच. आणि आमच्याच बायबलात राहेल बापाची मेंढरं घेऊन विहिरीवर येते.

नाव_नको

पहिल्यांदाच लिहितेय. धाग्यात बसतं की नाही माहीत नाही. माझे वडील पिऊन यायचे. काय करायचे ते इथे लिहीत नाही. दर रविवारी "हे आमच्या स्वर्गातील पित्या" सुरू झालं की मी पहिले चार शब्द सोडून "तुझे नाव पवित्र मानले जावो" पासून म्हणायचे. आठवीपासून लग्न होईपर्यंत. आईला वाटायचं मला पाठ नाही. कुणी म्हणतं स्वर्गातला बाप वेगळा, चांगला. पण मला तो शब्दच नको होता, वेगळा काय आणि चांगला काय. निबंधाचं मला कळत नाही. एवढंच सांगायचं होतं की काही जणी चार शब्द सोडून प्रार्थना म्हणत असतात.

थॉमस_खडकी

नाव_नको, तुमचं वाचलं. लिहिलंत हे चांगलं केलंत. माझं उलटं आहे, आणि तुमच्यापुढे ते लिहिताना संकोच वाटतो. मी बोर्डिंगात वाढलो, बाप कोण हे माहीत नाही. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या नावाचा रकाना आला की पोटात गोळा यायचा. आमच्या वॉर्डनने सांगितलं होतं, "तुला बाप आहे, रोज रात्री बोल त्याच्याशी." मी बोललो. अजून बोलतो. उद्या कोणी उपासनेतून 'पिता' काढला तर माझा एकुलता एक बाप जाईल. वाढवायचं ते वाढवा, पण काढू नका.

सॅमसन

थॉमसदादा, मग सरळ दोन्ही टाळावेत. अमेरिकेत काही जण पिता, पुत्र, पवित्र आत्मा याऐवजी निर्माता, उद्धारक, पावनकर्ता म्हणतात. त्यात कोणाचंच काही जात नाही.

जुनी_वही

बाप्तिस्म्यात म्हणून बघा, काय जातं ते कळेल. २००८ साली व्हॅटिकनने जाहीर केलं की या शब्दांनी दिलेला बाप्तिस्मा बाप्तिस्माच नाही, पुन्हा द्यावा लागेल. फक्त पुरुषी हट्ट म्हणून ते सोडून देता येत नाही. ही तीन कामांची नावं आहेत. जुनी शिकवण अशी की तिन्ही कामं तिघे मिळून करतात. कामं वाटून दिली की तीन खाती होतात आणि त्यांचं आपसातलं नातं उरत नाही. पिता हा शब्द आपल्याशी असलेल्या नात्याआधी पुत्राशी असलेलं नातं सांगतो. स्त्रीवादी अभ्यासकांतही बऱ्याच जणींना हे पटतं, म्हणून त्या नात्याचे दुसरे शब्द शोधतात. सॅली मॅकफेगने १९८७ मध्ये आई, प्रियकर, मित्र अशी तीन रूपं मांडली. तिचं म्हणणं मला आजही कामाला येतं : प्रत्येक उपमा 'आहे' म्हणते आणि त्याच वेळी 'नाही'ही म्हणते. 'पिता' म्हणताना ते 'नाही' ऐकू येईनासं झालं, ही खरी अडचण. 'आई'चं ते अजून ऐकू येतं, म्हणून खोली गप्प झाली. नाव_नको यांना पितामधलं 'नाही' कोणी ऐकवायला हवं होतं, थॉमस यांना त्यातलं 'आहे' मिळालं. एकच शब्द आहे, त्यामुळे माझ्याकडे दोघांना पुरेल असं उत्तर नाही.

भाषावेडी

मी भाषांतराचं काम करते, श्रद्धेबद्दल बोलणार नाही. पण मराठीचा प्रश्न इंग्रजीपेक्षा वेगळा आहे, तो कोणी मांडला नाही म्हणून लिहिते.

इंग्रजीत भांडण 'तो'चं आहे. देवाशी थेट बोललं, 'तू' म्हटलं, की इंग्रजीत लिंग गळून पडतं. मराठीत 'तू'ची सुटका नाही, कारण लिंग क्रियापदात बसलंय : करतोस, करतेस. ती डेली म्हणायची की देव नाम कशाला, क्रियापद का नाही? मराठीत तिला क्रियापदातही पुरुष भेटला असता.

पण सगळ्या क्रियापदांत नाही. 'तुझे राज्य येवो', 'दे', 'क्षमा कर', 'तू आहेस', 'तू येशील', यांत लिंग नाही. तुमची प्रभूची प्रार्थना मी आत्ता या नजरेने वाचली. 'पित्या' ही एक हाक सोडली तर सबंध प्रार्थनेत देवाचं लिंग दाखवणारा एकही शब्द नाही. नाव_नको, तुम्ही चार शब्द सोडून जी म्हणत होतात, ती व्याकरणाने अख्खी आणि कोणत्याच लिंगाची नसलेली प्रार्थना होती.

स्तोत्रात अडचण आहे ती 'वाढतोस', 'करतोस', 'नेतो'ची, वर्तमानकाळाची. सकर्मक क्रियापद पूर्ण काळात नेलं की ते कर्त्याकडे बघत नाही, कर्माकडे बघतं. "तू माझ्यापुढे ताट वाढलं आहेस, माझ्या डोक्याला तेल लावलं आहेस, मला संथ पाण्यावर नेलं आहेस." लिंग कुठेच नाही आणि मराठी ओढूनताणून केलेलं वाटत नाही. अकर्मकाला हे चालत नाही, 'चालला आहेस' म्हटलं की पुन्हा आलंच. तिथे 'तुझी सोबत आहे' असं वळवावं लागतं.

किंमतही सांगते. 'वाढतोस' म्हणजे रोज, आत्ताही. 'वाढलं आहेस' म्हणजे वाढून झालं, ताट समोर आहे. अर्थ थोडा सरकतो.

जुनी_वही

हे फार उपयोगी आहे. एक भर घालतो. हिब्रूतही दुसऱ्या पुरुषात लिंग दिसतं, त्यामुळे मराठी याबाबतीत इंग्रजीपेक्षा मूळ भाषेच्या जवळ आहे. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर स्तोत्र २३ च्या मूळ हिब्रूत ती क्रियापदं पुल्लिंगीच आहेत. मराठी भाषांतरकारांनी मनचं काही घातलेलं नाही. म्हणून उपासनेत स्तोत्र वाचताना आहे तसं वाचावं आणि त्यावरून प्रार्थना रचताना मोकळं व्हावं, असं माझं मत आहे. वाचन आणि प्रार्थना या दोन गोष्टी आहेत.

वारीवाली

भाषावेडी, युक्ती छान आहे, पण मला ती पुरत नाही. लिंग लपवलं की लोकांच्या मनात आधीचंच चित्र राहतं. 'वाढलं आहेस' ऐकताना सगळ्यांना तोच दाढीवाला दिसणार. 'वाढतेस' म्हटल्याने खोली गप्प झाली, म्हणजे काहीतरी हललं. टाळल्याने काही हलत नाही.

भाषावेडी

मान्य आहे. टाळणं म्हणजे बदलणं नाही. पण नाव_नको यांना प्रार्थना पूर्ण म्हणता येणं हीसुद्धा गोष्ट आहे, आणि त्यासाठी इतरांचं काही काढावं लागत नाही.

शनिवारातला

वारीवाली, तुमचं आजीबद्दलचं वाचून मी माझ्या आईला विचारलं. ती म्हणाली, "विठाई म्हणायचं आणि गाभाऱ्याबाहेरून म्हणायचं, असंच होतं." 'सुटलाय' हा शब्द मी मागे घेतो. कॅम्पातली, एक विचारू का? तुमच्याकडे नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटलंय ना? मग मोठ्या बाईंना ते कसं चालतं?

कॅम्पातली

शनिवारातला, तुमचा प्रश्न मी जशाच्या तसा त्यांना विचारला. त्यांच्या घरी गेले होते, डबा घेऊन. त्या म्हणाल्या, "टिळकांचं गाणं आहे गं, गाताना चालतं." मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "डोळे मिटून हात जोडले की मला माझे वडील दिसतात. ते गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तू 'वाढतेस' म्हणालीस तेव्हा ते उठून गेल्यासारखं वाटलं." थॉमसदादा, मला तुमची आठवण झाली. माझ्याकडे बोलायला काही नव्हतं.

मग मी त्यांना नाव_नको यांचं सांगितलं, कोण कुठली काही न सांगता. चार शब्द सोडून म्हणायची एक मुलगी, एवढंच. त्यांनी विचारलं, "आपल्या संडे स्कूलमधली होती का?" मी म्हटलं माहीत नाही. त्या म्हणाल्या, "मी पाठ करून घेताना कोण काय सोडतंय ते ऐकलंच नाही कधी."

काल महिला रविवार झाला. स्तोत्र जसंच्या तसं वाचलं. प्रार्थना भाषावेडींच्या वळणाने लिहिली, पण वारीवालींचं पटलं होतं म्हणून एक ओळ टाळली नाही, आणि ती ताटाची ठेवली नाही : "अंधाऱ्या दरीत काठी घेऊन तू पुढे चालतेस." आमच्या पाळकांनी ती आधी वाचली होती. भुवया उंचावल्या, पण खोडली नाही. उपासनेनंतर दोघांनी तक्रार केली, एकीने कागद मागून नेला. बाकीच्यांना कळलं की नाही, सांगता येत नाही.

मोठ्या बाईंनीच प्रार्थना वाचायला घेतली होती, मी सांगितलं नव्हतं. काठीच्या ओळीपाशी थांबल्या, चष्मा वर केला, आणि लिहिलं होतं तसंच वाचलं. पुढे ताटाशी आल्यावर मात्र 'वाढलं आहेस' लिहिलेलं असताना तोंडातून सवयीने 'वाढतोस' आलं. त्यांनी ते सुधारलं नाही, मीही काही बोलले नाही.

पुढच्या रविवारी यशयाचा बेचाळिसावा अध्याय घेतोय. जुनी_वही, तिथे बाळंतिणीसारखं ओरडणं आहे आणि त्याच्या अगदी आधीच्या ओळीत देव योद्ध्यासारखा निघतो. बोलताना आम्ही दोन्ही ठिकाणी 'तो'च म्हणतो. बाळंतिणीच्या ओळीतसुद्धा. तुम्ही वर्गात ते कसं शिकवायचात, लिहाल का?

नाव_नको

मी संडे स्कूलमध्ये दुसऱ्या चर्चला होते. त्यांना सांगा.